अनुभव धागा: प्लॅटफॉर्मवर, स्टँडवर बोलून टाइप केलेला मेसेज आणि त्याचा अर्थ लावताना

गोदाकाठची
काल घरच्या ग्रुपवर चुलतभावाने टाकलं "पुण्याला पोचतोय", आणि तो तर परभणीहून पूर्णेला निघालेला. त्यावरून मामांचा एक जुना मेसेज आठवला, म्हणून हा धागा.

मामा परभणीच्या प्लॅटफॉर्मवर होते, डोळ्याला त्रास म्हणून टाइप करत नाहीत, कीबोर्डवरचा माइक दाबून बोलतात. आम्ही सगळे वसमतला आजीकडे. ठरलं असं होतं की माझा भाऊ मोटारसायकलवर पूर्णेला जाऊन मामांना घेऊन येणार. तो चावी हातात घेऊन उभा आणि मेसेज आला:

"मी पुण्याला उतरतो तिथून जमतच गाडी धरतो यात्री गण कृपया तू घ्यायला येऊन कोणाची औषधं पिशवीत आहेत"

भाऊ म्हणे मामा पुण्याला कशाला चाललेत, औषधं तर आजीची आहेत. मी आधी "यात्री गण कृपया" काढून टाकलं, ती स्टेशनवरची अनाउन्समेंट, मामांच्या मागे चालू असणार. उरलेलं मोठ्याने वाचलं, अर्थ न बघता, मामा बोलतात तसं भरभर, शब्द न तोडता. येऊनकोणाची, येऊनकोणाची. चुलीजवळ बसलेली आजी ऐकत होती, तिला काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं, ती पटकन म्हणाली "येऊ नको, आईची". बरोबर! "तू घ्यायला येऊ नको, आईची औषधं पिशवीत आहेत." फोनने "नको" मधोमध तोडलं, न मागच्या शब्दाला चिकटवला आणि पुढचा "को" घेऊन "कोणाची" बनवलं. मग "जमतच गाडी" म्हणजे वसमतची गाडी हेही लगेच लागलं.

सगळ्यात शेवटी लागलं ते "पुण्याला", कारण तो शब्द चुकलाय असं वाटतच नाही, वाक्यात नीट बसतो. पण परभणीहून पूर्णेला उतरून अकोला लाइनची गाडी धरली की वसमत येतं, पुणं दुसऱ्याच दिशेला. म्हणजे मामा पूर्णेला उतरून गाडी बदलून येणार होते आणि भावाने जायचं नव्हतं. तरी "नको"चा विषय म्हणून फोन लावून खात्री केली.

तुमच्याकडं असं काही आलंय का, आणि तुम्ही कसं लावता?

सचिन_जालना
हे सगळं नेटमुळं होतं. प्लॅटफॉर्मवर रेंज नसती, आवाज अर्धवट वर जातो. सेटिंगमध्ये जाऊन मराठीचं ऑफलाइन पॅक डाउनलोड करून ठेवा, प्रॉब्लेम खतम.

ताई_लातूर
आमच्याकडं रोजचंच आहे हे 😄 पोळ्या लाटायले, नंतर लिहिते

श्रुती-वाचा
सचिनभाऊ, नेटचं अर्धं खरं आहे. नेट तुटलं की शब्द गळतात किंवा वाक्य मधेच थांबतं, तिथं ऑफलाइनचा फायदा होतो. पण गोंगाट माइकमध्येच शिरतो, तो पॅकने जात नाही. काही फोनमध्ये तर ऑफलाइनवर अनोळखी गावांची नावं आणखी बिघडतात.

मी ऐकू कमी येणाऱ्या मुलांसोबत काम करते, त्यामुळं गोदाकाठची ताईंनी जे केलं ते मला फार आवडलं. आपल्या बोलण्यात आ, ई, ऊ हे स्वर जोरदार असतात आणि व्यंजनं त्यामानाने फार हलकी. गोंगाटात स्वर टिकतात, व्यंजनं बुडतात. त्यातही सगळी सारखी बुडत नाहीत. १९५५ साली मिलर आणि नाइसली या दोघांनी इंग्रजी व्यंजनं गोंगाटात ऐकवून पाहिली होती, त्यात प-त-क आपसात मिसळतात, म आणि न आपसात मिसळतात, पण म चा प सहसा होत नाही. नाकातला आवाज नाकातलाच राहतो. मराठीतही माझा अनुभव तोच.

म्हणून विचित्र शब्द आला की त्याचे स्वर आणि अक्षरांची लांबी धरून ठेवायची, व्यंजनं सैल सोडायची. "पूर्णेला" आणि "पुण्याला" बघा, सुरुवातीचा पू, मधला ण, शेवटचा ला सगळं जागेवर, गेलाय तो फक्त र आणि बदललाय मधला स्वर. आणि फोन नुसतं ऐकत नाही, पुढंमागं कोणता शब्द जास्त येतो तेही बघतो. पुणं हे पूर्णेपेक्षा कितीतरी जास्त वेळा लिहिलं जातं, त्यामुळं शंका आली की तो पुण्याकडं झुकतो. आपल्या लहान गावांची नावं अशीच मरतात.

हिंगोलीचा_पोरगा
नांदेडहून सकाळी मुंबईला जाणाऱ्या गाडीचा टाइम बदलला का? कोणाला माहिती असेल तर सांगा, अनाउन्समेंट काहीच कळत नाही हो

गोदाकाठची
@हिंगोलीचा_पोरगा दादा तो विषय वेगळा आहे, रेल्वेच्या ॲपवर बघा. पण अनाउन्समेंटवरून आठवलं, हिंदीत "दो पर आ रही है" चालू असलं की मराठी कीबोर्ड त्याचं "दुपारी" करतो. मावशीच्या मेसेजमध्ये "दुपारी" आलं होतं आणि ती तर सकाळीच पोचणार होती. तेव्हापासून स्टेशनवरून आलेल्या मेसेजमध्ये वेळ दिसली की ती माणसाची का स्पीकरची हे आधी बघते.

मोंढेकर
आडतीवर बसतो, शेतकरी लोक टेम्पोतून, बसमधून मेसेज टाकतात. शब्द लागतात, आकडे लागत नाहीत. साठ, सात, आठ यात फरक किती, शेवटचा एक आवाज नाहीतर पहिला. "सात कट्टे आणायलो" असं आलं की मी सात धरतच नाही. स्वर सारखे, लांबी सारखी, आणि साठ कट्टे पण येऊ शकतात, सात पण येऊ शकतात, वाक्यावरून काहीच ठरत नाही. शब्दाला आजूबाजूचे शब्द वाचवतात, आकड्याला कोणी नसतं. म्हणून आमच्याकडं सगळ्यांना सांगून ठेवलंय, आकडा दोनदा बोला, एकदा पूर्ण आणि एकदा सुटा सुटा: "साठ, सहा शून्य". सहा शून्यचं सात कधी होत नाही.
आता वसमतचं नाव निघालंच तर तिकडं हळद कशी चालली हो?

गोदाकाठची
मामांना विचारून सांगते भाऊ

ताई_लातूर
आले. माझी सासू निलंग्याहून एसटीत बसली की बोलून मेसेज करते. ती म्हणते "मी निघायले", फोन लिहितो "मी निघाले". निघायले म्हणजे अजून घरात पिशवी भरायली, निघाले म्हणजे गाडीत. आमचे हे स्टँडवर जाऊन बसायचे तासभर. आता तिला सांगितलंय की गाडीत बसल्यावर "गाडीत बसले" असंच म्हणायचं. तिनं तिची बोली बदलावी असं मला वाटत नाही, पण या एका वाक्यापुरतं ऐकलं बिचारीनं. एसटीचा आवाज मात्र बेकार, खिडक्या खडखडतात, ड्रायव्हरचा हॉर्न, कंडक्टर घंटी मारतो, आणि शेजारची बाई फोनवर बोलत असली तर तिची पण भाजी आमच्या मेसेजमध्ये येते.

सचिन_जालना
मग ब्लूटूथ इअरफोन लावून बोलायचं, माइक तोंडाजवळ येतो ना

श्रुती-वाचा
तोंडाजवळ येतो हे बरोबर, पण सगळे ब्लूटूथ सारखे नाहीत. बोलताना जुने हेडसेट आवाज ४ किलोहर्ट्झच्या वर पाठवतच नाहीत, आणि स, श यांची धार बरीचशी त्याच्या वर असते. नवीन हेडसेट दुप्पट वरपर्यंत जातात. त्यापेक्षा फोनचा खालचा माइक तोंडाजवळ धरा, थेट समोर नाही, थोडा ओठाच्या कडेला, म्हणजे श्वासाचा फुसफुस जात नाही. उघड्यावर अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकमध्ये साधारण ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट आहे तेवढाच राहतो. ओरडू नका, ओरडल्यावर स्वर आणखी फुगतात आणि व्यंजनं मागंच राहतात.

सचिन_जालना
माझा नवीनच आहे, तरी स्टँडवर गडबड करतो. वायरवाला बरा का मग?

मोंढेकर
वायरवाल्याचा माइक शर्टाला घासतो, खरखर जाते. आमचा पोरगा हातात धरून बोलतो.

पाथरीकर
माझा एक आहे, कोणी लावून द्या. धाकटा भाऊ मानवतच्या स्टँडवरून बोललाय, फोन लागत नाही त्याचा:

"भाऊ उद्या सेलला थांबा पातळीची गाडी साडेनऊला हाय सारखी पेंड दोन पोते घेतलो दीड हजार बाकी"

ताई_लातूर
सेलूला थांबा! पाथरीची गाडी!

मोंढेकर
सरकी पेंड. "सारखी" नाही. जनावरं हायेत ना घरी?

पाथरीकर
हाय, दोन म्हशी. सरकी पेंडच सांगितली होती, बरोबर. पण दीड हजार कसं, माझ्या हिशोबात जास्त बसायलंय.

श्रुती-वाचा
दादा "अडीच हजार" असू शकतं. आधीचा शब्द "घेतलो" ओ वर संपतो, त्याला लागूनच अडीचचा अ गिळला जातो, आणि उरलेलं "डीच" फोनला दीड वाटू शकतं. पण हे फक्त शक्य आहे एवढंच, दीडही तितकंच बसतं. "दोन पोते" पण तपासा.

मोंढेकर
दुकानदाराला विचारा, भावाला नाही. पावतीवर असणार.

गोदाकाठची
आणि साडेनऊ पण एकदा विचारून घ्या, सेलूच्या स्टँडवर. बोललेला आवाज सोबत पाठवला असता तर आपण सगळ्यांनी ऐकून सांगितलं असतं. मामांना मी तेच सांगितलंय, मेसेज टाकल्यावर तेच वाक्य व्हॉइस मेसेजनं पण पाठवायचं. वाचायला लिहिलेलं, शंका आली तर ऐकायला आवाज.

ताई_लातूर
आमच्याकडं व्हॉइस मेसेज कोणी ऐकत नाही ताई, शाळेत, ऑफिसात असतात सगळे

पाथरीकर
दुकानदाराचा नंबर लागला. अडीच हजार बाकी, पोते दोनच. पण गाडीचं त्याला काय माहिती. सेलूत कोणी हाय का, पाथरीच्या सकाळच्या गाडीचा टाइम सांगणारं?

हिंगोलीचा_पोरगा
माझा मावसभाऊ सेलूचाच, स्टँडसमोर दुकान आहे त्याचं. विचारतो थांबा