लिंक्डइन कॅप्शनची पहिली ओळ: मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. सांगलीत आमची छोटी सॉफ्टवेअर फर्म आहे, ग्राहक बहुतेक हळदीचे व्यापारी. आता बिलावरूनच मालवाहतुकीचं ई-वे बिल निघेल अशी सोय केलीय. मी लिहिलं होतं, ‘एका क्लिकवर ई-वे बिल!’ मार्केट यार्डातले एक शेठ वाचून म्हणाले, “आणि रक्कम चुकली तर?” खरी भीती तीच, निघालेलं ई-वे बिल दुरुस्त होत नाही, रद्दच करावं लागतं. म्हणून बदललं: ‘तुम्ही तपासून मंजूर केल्याशिवाय ई-वे बिल निघत नाही. चूक राहिलीच, तर २४ तासांत इथूनच रद्द करा.’

पण वाटेत गाडीची तपासणी झाली असेल तर रद्द होत नाही. ही अट कॅप्शनमध्येच लिहू, की डेमोत सांगू? मला लिहावीशी वाटते. तुम्ही काय कराल?