घोषवाक्य एक, भाषा दोन: पोळी मऊ की रोटी नरम?

जातं: चक्कीच्या आट्याचं 5 किलोचं पाकीट आहे. विक्री नागपूर-अमरावतीकडे आणि पलीकडे बैतूल, छिंदवाडा, इंदूरला. 'शुद्ध आटा, ताजा स्वाद' ही ओळ दोन्हीकडे कळते. हीच छापावी का?

ओळंबा: कळते, पण लक्षात राहण्यासारखं तिच्यात काही नाही. तेलाच्या डब्यावर लावली तरी चालेल. शिवाय एफएसएसएआयच्या 2018च्या जाहिरात-दावे नियमांत 'फ्रेश' आणि 'प्युअर' अशा शब्दांना अटी आहेत. दळलेल्या आट्याला 'ताजा' म्हणणं त्यात बसत नाही. 'शुद्ध' एकाच घटकाच्या पदार्थाला चालतं, पण उद्या लोह-जीवनसत्त्वं मिसळलीत तर तेही काढावं लागेल.

शब्द सारखे शोधू नका, प्रसंग सारखा शोधा. दोन्हीकडे पोळी सकाळी लाटली जाते आणि दुपारी डब्यात वातड होते. ती वातड होत नाही, हे सांगा:

मराठी: सकाळची पोळी, डब्यातही मऊ
हिंदी: सुबह की रोटी, टिफिन में भी नरम

मात्रा मोजून बघा. मराठीत 10 आणि 10, हिंदीत 9 आणि 10. रेडिओवर एकाच चालीत बसतात. दुसऱ्या ओळीत 'डिब्बा' मुद्दाम घेतला नाही, कारण जेवणाच्या डब्याला तिकडे 'टिफिन' हाच शब्द रुळलेला आहे.

गंगाजळी: दोन ओळी कशाला? संस्कृत शब्द दोन्हीकडे तेच असतात. 'प्रकृति का वरदान' लिहा आणि मोकळे व्हा.

ओळंबा: संस्कृत शब्द दिसायला तेच, हे खरं. अर्थ मात्र दरवेळी तोच नसतो. 'प्रकृती' म्हटलं की मराठी माणसाला आधी तब्येत आठवते, हिंदीत निसर्ग. आट्याच्या धंद्यात तर 'पीठ' हाच शब्द धोक्याचा. 'मऊ पीठ' हिंदी वाचणाऱ्याने वाचलं तर त्याच्या डोळ्यापुढे माणसाची पाठ येईल. शिवाय तुमच्या ओळीत 'का' आहे, म्हणजे ती दोन्ही भाषांची नाहीच, हिंदीच आहे.

गंगाजळी: 'का' काढू. पण मग 'नरम' तरी दोन्हीकडे का नको? मराठीतही नरम म्हणजे मऊच.

ओळंबा: मराठीत 'तब्येत नरम आहे' हे आधी ऐकू येतं. पोळीला आपण मऊच म्हणतो. 'मुलायम' घेतलात तर मराठी कानाला कापड किंवा साबण वाटेल. एक सोय मात्र आहे: पोळी आणि रोटी दोन्ही स्त्रीलिंगी, आणि 'मऊ', 'नरम' लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. त्यामुळे दोन्ही ओळींचा सांगाडा तोच राहतो.

चहाटपरी: आमच्या चहा पावडरीला 'कडक' एका शब्दात दोन्हीकडे चालतो. आट्यालाही असं काही मिळेल.

ओळंबा: चहाला मिळाला, कारण चहा कडक असावा असं दोन्हीकडचे लोक आपणहून म्हणतात. मऊपणासाठी असा सामाईक शब्द नाही. आणि हिंदी पाकिटावर 'कड़क' ठिपक्यासकट छापा, नाहीतर तिकडे ती छपाईची चूक वाटते.

शाईघर: दोन ओळींचा खर्च कोणीच सांगितला नाही, म्हणून लिहितो. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र कोरलेला सिलिंडर लागतो. ओळ एकाच रंगात, समजा काळ्यात, आणि कोऱ्या किंवा एकरंगी फिकट पट्टीवर ठेवलीत, तर हिंदीसाठी फक्त काळा सिलिंडर बदलतो. तीच ओळ रंगीत गव्हाच्या फोटोवर पांढऱ्या अक्षरांत काढलीत, तर त्या फोटोतला प्रत्येक रंग अक्षरापुरता कोरावा लागतो. मग जवळजवळ सगळे सिलिंडर नवे.

तरीही माझं मत एकच ओळ ठेवा. नागपूरच्या गोदामात उरलेली मराठी पाकिटं बैतूलला पाठवता येणार नाहीत, हा दर महिन्याचा त्रास आहे.

ओळंबा: गोदामाचा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे त्याला पक्कं उत्तर नाही. एकाच पाकिटाच्या पुढे मराठी, मागे हिंदी असं करता येतं, पण दुकानातला मुलगा कुठली बाजू पुढे लावेल याचा भरवसा नाही.

जातं: मऊ राहते हे आधी तपासायला हवं ना?

ओळंबा: हो, आणि छापण्याआधीच. 100 ग्रॅम आट्याला 65 ते 70 मिली पाणी, अर्धा तास झाकून ठेवलेली कणीक, एकाच जाडीच्या पोळ्या, गार करून डब्यात सहा तास. मग घडी घाला. घडीवर चीर गेली तर ओळ खोटी ठरते. सोबत बाजारातला दुसरा आटा अशाच रीतीने करून ठेवा. ओळ तपासायची तर इंदूरच्या पाच-सहा जणांना फक्त ऐकवा आणि तासाभराने म्हणायला सांगा. त्यांनी 'टिफिन' आणि 'नरम' धरून ठेवलं तर पुरे, बाकीचे शब्द बदलले तरी हरकत नाही.

कोल्हापुरी_काकू: आमच्याकडे रोजची ती चपाती. पोळी म्हटलं की पुरणाची. पुढे इकडे विकलात तर काय करणार?

जातं: 'सकाळची चपाती' केलं तर पहिला भाग अकरा मात्रांचा होतो, एवढंच. पण नागपूरला मग ती परकी वाटेल का?

शाईघर: वाटणार नाही.

ओळंबा: माझ्या मते परकी वाटेल. विदर्भात घरात 'पोळी'च म्हणतात.