मदत हवी आहे : पंगतीतला आग्रह कसा सांभाळता?

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांत माझं वजन 84 वरून 79 किलोवर आलंय. रोज साधारण 400 कॅलरी कमी खातो. पण पाच आठवडे काटा हलत नाहीये, आणि कारण दिसतंय. सोमवार ते शुक्रवार 2000 वाचतात, मग शनिवारी मित्रांबरोबर हॉटेल, रविवारी एखादं बारसं, की तेवढ्याच परत पोटात जातात.

मागच्या रविवारी कार्यक्रम होता म्हणून सकाळपासून मुद्दाम उपाशी राहिलो. तीच चूक झाली. पंगतीत बसलो तेव्हा इतकी भूक लागली होती की वरणभाताआधीच दोन पुरणपोळ्या संपल्या. तिसरीला पानावर हात आडवा धरला, तर मामींनी बोटांच्या फटीतून तुपाची धार सोडली! मोठा चमचाभर तूप म्हणजेच शंभराच्या वर कॅलरी, पण मामींना ते कसं सांगायचं? सोमवारी वजन दीड किलो जास्त दिसलं. ते बहुतेक पाणीच, गुरुवारी उतरलं.

हॉटेलात जमतंय. आधी तंदुरी चिकन, मग बटर नानऐवजी साधी रोटी, मित्रांना कळतही नाही. अडतंय ते पंगतीत. पुढच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नाच्या तीन दिवस जेवणावळी आहेत. मला सगळ्यांत बसून जेवायचंय, वेगळा डबा नकोय. घरूनच थोडी उसळ खाऊन, ताक पिऊन निघावं का? की एकच पोळी शेवटपर्यंत पानात ठेवावी? वाढणाऱ्यांना न दुखवता तुम्ही नेमकं काय म्हणता?