सहस्रचंद्रदर्शन : यातला चंद्र कोणता, आणि ते आठ महिने आले कुठून?

नात, परभणी
आमच्या आबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं घरात ठरलंय. गुरुजी म्हणाले, ऐंशी वर्षं आठ महिने झाले की करा. आबांच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे, पण तो मास्तरांनी टाकलेला. खरं टिपण पणजोबांच्या वहीत सापडलं. बोरूनं लिहिलेलं, कडा उंदरानं कुरतडलेल्या: ‘शके 1867 पार्थिव संवत्सर, श्रावण शु. 14, बुधवार, फसली 1354’. यावरून आम्ही 22 ऑगस्ट 1945 धरलं, म्हणजे 22 एप्रिल 2026 ला ऐंशी वर्षं आठ महिने होतात. मी हौसेनं पौर्णिमा मोजायला बसले तर तोवर हजार भरतच नाहीत. मग आठ महिने कशाचे? आणि पत्रिकेच्या नमुन्यात ‘सहस्त्रचंद्रदर्शन’ छापून आलंय, ते बरोबर आहे का?

शेतकरी, माजलगाव
आधी सालच तपासा. निजामाच्या काळातल्या फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो. 1354 अधिक 590 म्हणजे 1944. तुम्ही एक वर्ष चुकायलात.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई
590 बरोबर आहेत, पण फक्त वर्षाच्या सुरुवातीला. हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून लागायचं. डिसेंबर उलटला की 591 मिळवावे लागतात. श्रावण तर फसलीच्या शेवटाकडं येतो, म्हणून 1945. शके 1867 मध्ये 78 मिळवा, तेच साल येतं. 22 ऑगस्ट 1945 ला वारही बुधवारच होता. टिपण लिहिणाऱ्यानं चोख लिहिलंय, जपून ठेवा.

आता शब्द. ‘सहस्र’ हेच बरोबर, शेवटचं अक्षर स् आणि र. शस्त्र, वस्त्र यांत मुळातच त आहे, त्यांच्या सवयीनं तो इथं घुसतो. ‘स्रोत’चं ‘स्त्रोत’ होतं ते असंच. छापण्याआधी दुरुस्त करून घ्या.

बँकेतला, लातूर
आठ महिन्यांचा हिशेब सोपा आहे. ऐंशी वर्षांचे 960 महिने, वरचे 8, झाले 968. दर अडीच वर्षांनी धोंड्याचा महिना येतो, म्हणजे 30 महिन्यांना एक, असे 32. बेरीज बरोबर 1000. मोजणीत ताईंचंच काहीतरी सुटलं असणार.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई
आठ महिने याच हिशेबातून येतात, हे तुम्ही नेमकं पकडलंत. फक्त अडीच वर्षं हा तोंडी धरायचा आकडा झाला. अधिक महिना सरासरी 32 महिने 16 दिवसांनी येतो. एवढासा फरक, पण ऐंशी वर्षांत साचतो.

आबांचंच उदाहरण घेऊ. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी, 23 ऑगस्ट 1945 ची राखीपौर्णिमा. ती एक नंबरची. तिथून 9 ऑगस्ट 2025 च्या राखीपौर्णिमेपर्यंत 80 वर्षं, म्हणजे 960 पौर्णिमा, आणि अधिक महिन्यांमुळं जादा भरल्या त्या 29. बत्तीस नव्हे. पहिली धरून 990. पुढं दर महिन्याला एक: 2 एप्रिल 2026 ची हनुमान जयंती 998 वी, 1 मेची बुद्धपौर्णिमा 999 वी. हजारावी येते 31 मे 2026 ला. त्या दिवशी आबांचं वय ऐंशी वर्षं, नऊ महिने, नऊ दिवस. म्हणून 22 एप्रिलला दोन पुनवा कमीच पडतात. ताईंची मोजणी बरोबर आहे.

पडताळा दिवसांनीही घेता येतो. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी 29.5306 दिवस. पहिलीपासून हजारावीपर्यंत अंतरं 999, म्हणजे सुमारे 29,501 दिवस. 23 ऑगस्ट 1945 पासून तेवढे दिवस मोजले की 31 मे 2026 येते. दुसऱ्या कोणाचं काढताना एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून शेवटी त्या महिन्याचं पंचांग उघडून बघायचंच.

आबा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जन्मले म्हणून लवकर भरतंय. पौर्णिमा सरल्यावर लगेच जन्म झाला असता तर पहिलीसाठीच महिनाभर थांबावं लागलं असतं, आणि वय दहा महिन्यांच्या थोडं पुढं गेलं असतं.

लेक, औंढा
आमच्या आईचं आम्ही 83 वर्षं 4 महिन्यांना केलं होतं. गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं होतं, हजार महिने म्हणजे तेवढेच. एक्याऐंशी कणकेचे दिवे केले होते, आईला फार आनंद झाला. आता हे वाचून वाटायलंय, आमचं चुकलं का?

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई
ताई, हजाराला बारानं भागलं की तेच येतं. त्यात धोंड्याचे महिने धरले नाहीत एवढंच. पण पौर्णिमा त्याही महिन्यात उगवतेच, म्हणून तुमच्या आईंनी हजार केव्हाच पार केले होते, तीसेक पुनवा जास्तच झाल्या होत्या. हजार झाल्यावरच केलंत, कमी असताना नाही.

चहावाला, नांदेड
पण ढगाचं काय? श्रावणातली पुनव आमच्याकडं अर्ध्या वेळा दिसत नाही. ‘दर्शन’ म्हणता तर न दिसलेल्या वजा करायला नकोत?

बँकेतला, लातूर
तसं मोजलं तर कोणाचंच होणार नाही. हजार वेळा पौर्णिमा येऊन गेली, एवढाच अर्थ घ्यायचा.

पंचांग लावणारी, जालना
‘दर्शन’वरून मला वेगळंच सुचलं. पंचांगात ‘चंद्रदर्शन’ असं छापलेलं असतं ते पौर्णिमेला नव्हे, तर अमावस्येनंतर कोर पहिल्यांदा दिसते तेव्हा, बहुधा बीजेला. मग सहस्रचंद्रदर्शनातला चंद्रही कोरीचा असेल का?

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई
शंका खरोखर चांगली आहे. कोर धरली तर आबांना पहिली दिसायची सप्टेंबर 1945 च्या बीजेला, आठ तारखेच्या सुमारास. हजारावी पडते 16 जून 2026 च्या संध्याकाळी. मी पौर्णिमाच धरतो, कारण आमच्या घरात म्हातारी माणसं ‘हजार पुनवा पाहिल्या’ असंच म्हणत आली. पण पंचांगातल्या नेमक्या शब्दापुढं माझा पुरावा बोलण्यातलाच आहे, हेही खरं.

नात, परभणी
सर, तुम्ही तारीख दिलीत आणि घरात नवाच प्रश्न उभा राहिला. 17 मे ते 15 जून 2026 अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे आबांची हजारावी पुनव धोंड्याच्या महिन्यातच आली! गुरुजी म्हणतात, अधिकात शांत नको. आणि कोरीचा हिशेब धरला तर 16 जून, म्हणजे निज ज्येष्ठ लागलेला.

शेतकरी, माजलगाव
नको कशाला? आमच्या तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला सगळी गर्दी अधिक महिन्यातच होते. लग्न-मुंज टाळतात ते ठीक. पण पुनव त्याच महिन्यात भरली त्याला माणूस काय करणार?

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई
यात दोन्ही बाजूंची मंडळी आहेत, मी निकाल देणार नाही. हजार भरल्यावर करायचं, एवढं धरलं तर निज ज्येष्ठात दोन्ही हिशेब पुरे झालेले असतात.

नात, परभणी
आबांना विचारलं. ते म्हणाले, 31 मेला संध्याकाळी मला गच्चीवर खुर्ची टाकून द्या, चंद्र बघतो. शांत तुम्ही पुढं कधीही करा. पत्रिकेतला त काढायला आत्ताच सांगितलंय.