रिलेचा निकाल: वेळ सांगावी की वेग?

निवेदिका: यंदा शाळेच्या क्रीडादिनाचं निवेदन माझ्याकडे आहे. ४×१०० रिलेची वेळ सेकंदांत सांगितली की पालक नुसते बघत राहतात. म्हणून संहितेत लिहिलंय, "निळा गट, ताशी २४.८३ किलोमीटर!" ठेवू का?

गणितवाले काका: ठेवा की. ४०० मीटरसाठी १४४० हा एकच आकडा लक्षात ठेवायचा आणि त्याला सेकंदांनी भागायचं. ६० सेकंद लागले तर ताशी २४, ५८ लागले तर २४.८. पण तो .८३ काढा. घड्याळ पाव सेकंद चुकलं तर वेग जेमतेम ०.१ ने हलतो. खरी गोची मैदानाची. फक्कीने आखलेलं अंतर ४०० ऐवजी ३९० भरलं, तर तुम्ही वेग अर्ध्या किलोमीटरहून जास्त फुगवून सांगताय. "सुमारे पंचवीस" म्हणा.

जुना धावपटू: मला नाही पटत. निळा ५८, लाल ६०. वेगात सांगितलंत तर २४.८ आणि २४, म्हणजे काहीच घडलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात निळ्याने फीत तोडली तेव्हा लाल तेरा मीटर मागे होता! सेकंदाला पावणेसात मीटरच्या आसपास पळतात ही पोरं. अंतर सांगा, तेच लोकांना डोळ्यांनी दिसलेलं असतं.

मिहीरची आई: चौघांचे वेगवेगळे वेग काढून सरासरी घेतली तर? प्रत्येक मुलाचं नावही घेता येईल.

गणितवाले काका: नावाची कल्पना छान, सरासरी चुकेल. समजा चौघांना १३, १४, १५ आणि १८ सेकंद लागले. एकूण ६०, म्हणजे ताशी २४. तुमच्या पद्धतीने २४.३ च्या वर येतं, कारण हळू पळणारा जास्त वेळ पळतो आणि साध्या सरासरीत ते दिसतच नाही. शिवाय बॅटन नेमकी शंभराव्या मीटरला कुठे हातात पडते? बदलाच्या पट्ट्यात कुठेही.

जुना धावपटू: आणि १८ सेकंदवाल्याचा वेग माइकवरून कशाला? त्याचे आईवडीलही समोरच बसलेले असतात.

पीटीवाले सर: आमच्याकडे लहान गटाची ४×५० होती. निवेदकाने तोच १४४० वापरला आणि ३४ सेकंदांना "ताशी ४२ किलोमीटर" जाहीर केलं. टाळ्याही पडल्या! लंडन २०१२ मध्ये बोल्टच्या जमैकाने ३६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तोही ताशी ३९ च्या आसपासच येतो. आमची पाचवीतली पोरं त्याच्या पुढे. २०० मीटरला ७२० ने सुरुवात करायची, मग २१ येतात.

निवेदिका: बाप रे, आमच्याकडेही ४×५० आहे. दोन वेगळे तक्ते करून ठेवते. विजेत्याचा वेग आणि दुसऱ्याचं अंतर, असं दोन्ही सांगितलं तर?

जुना धावपटू: अंतर पुरे. वेग स्कूटरचा सांगतात.

मिहीरची आई: मला तरी स्कूटरमुळेच कळतो हो!