मदत हवी आहे: व्हीआरएसची रक्कम, 54 महिने की 41?

नमस्कार मंडळी. यजमानांच्या कंपनीत व्हीआरएस जाहीर झाली आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दोन महिन्यांचा पगार, किंवा निवृत्तीला उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी जे कमी असेल ते मिळणार. पगार म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, बाकीचे भत्ते धरलेले नाहीत.

त्यांची सेवा 27 वर्षे 8 महिने. वरचे 8 महिने सोडून दिले तर 27 गुणिले 2, म्हणजे 54 महिने. पण निवृत्तीला उरलेत 41, म्हणून हातात 41च. सहकारी म्हणतात, चार महिने थांबा, 28 वर्षे भरली की दोन महिने जास्त मिळतील. मला ते पटत नाही. तोवर आकडा 56 होईल खरा, पण उरलेले महिने 37वर येतील आणि मिळतील तेवढेच. ज्याची सेवा 18 वर्षे आणि 96 महिने बाकी, त्याला 36 मिळतात. थांबण्याचा फायदा त्याला, यांना नाही.

म्हणजे यांना खरं तर पुढचाच पगार एकरकमी मिळतोय, तोही आजच्या दराने. पुढच्या वेतनवाढी, भत्ते आणि पीएफमधला कंपनीचा हिस्सा बुडणारच.

जाणकारांनी सांगावं: उरलेले महिने अर्जाच्या तारखेपासून मोजतात की कार्यमुक्तीच्या? परिपत्रकात नुसतं ‘शिल्लक सेवा’ लिहिलंय. मंजुरीला तीन महिने लागले तर 41चे 38 होतील का? आणि अर्धवट महिना धरतात की सोडतात?