ऑटोमेशन टेस्टर, 6 वर्षं, पुणे: पगार किती मागायचा? मदत हवी आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. टेस्टिंगमधे 6 वर्षं झाली, शेवटची 3 सेलेनियम आणि एपीआय ऑटोमेशन. सध्या सीटीसी 10.8 लाख. गुरुवारी एका कंपनीच्या एचआरचा फोन आहे, ती आधी एक्स्पेक्टेड किती तेच विचारणार आणि माझ्याकडे आकडाच नाहीये. अँबिशनबॉक्सवर त्या कंपनीत याच पदाला 6 ते 19 लाख दिसतंय, नोकरी डॉट कॉमवर अशीच एक जाहिरात 10 ते 20 म्हणतेय, आणि चार ओळखीच्यांना विचारलं तर 11, 12.5, 14 आणि 19. सरासरी 14 येते, तेवढेच सांगू का? मागच्या वेळी घाईत कमी बोलले ते तीन वर्षं भोगतेय, म्हणून विचारते.

हापूस
एवढा विचार कशाला, स्विचला 30% हाइक मिळते. 10.8 वर 30% म्हणजे 14. तुमच्या सरासरीशी जुळलं की.

जुना_भिडू
जुळलं तो योगायोग आहे हापूसराव. 30% हा आधीच्या पगारावरचा हिशोब, आणि तिला मागच्या वेळीच कमी मिळालंय म्हणतेय, म्हणजे तीच चूक 30% वाढवून पुढे नेणार. बाजारात त्या कामाला काय देतात ते वेगळं.
रानजाई, मी बरीच वर्षं टेस्टिंगच्या टीमसाठी माणसं घेतलीत, त्यावरून सांगतो. सीटीसी एकमेकांशी लावूच नका, प्रत्येकाचं फिक्स्ड विचारा. सीटीसीत व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, कधीकधी जॉइनिंग बोनससुद्धा घालतात. आणि शेवटचं स्विच कधी केलं तेही विचारा, कारण चार वर्षं एका जागी बसलेल्याचा पगार आणि आज नवीन माणसाला देतात तो, हे दोन वेगळे भाव आहेत.

रानजाई
विचारलं सगळ्यांना, थोडं अवघड वाटलं पण सांगितलं त्यांनी. 19 वाल्याचे 2 लाख जॉइनिंग बोनस, ते एकदाच, 3 व्हेरिएबल, पीएफ वगैरे 1.2, फिक्स्ड 12.8. 14 वालीचं फिक्स्ड 11.6. आणि 12.5 वाल्याला व्हेरिएबलच नाही, त्याचंही 11.6! 11 वाली चार वर्षं हललेली नाही. माझं स्वतःचं 9.2.

जुना_भिडू
बघा, 11 ते 19 चं एवढंसं झालं. 11 वाली बाजूला ठेवा, उरले तिघं 11.6 ते 12.8 मधे. तिघंच आहेत हे लक्षात असू द्या, शिवाय चांगलं मिळालेला माणूस लवकर सांगतो, त्यामुळे थोडं वर झुकलेलं असणार.
आता 14 सीटीसी बोललात तर काय होईल बघा. 10% व्हेरिएबल 1.4 गेले. बेसिक 40% धरलं तर 5.6 लाख, त्यावर 12% पीएफ 67 हजार, ग्रॅच्युइटी 4.81% म्हणजे 27 हजार, विमा धरा 15. हातात फिक्स्ड साधारण 11.5, तिघांच्याही खाली. 15 सीटीसीला तेच 12.3 येतं.

रानजाई
अरे बापरे. अँबिशनबॉक्सवर पुणे आणि 5 ते 7 वर्षं फिल्टर लावलं तर 11 नोंदी उरल्या, बऱ्याचशा जुन्या.

जुना_भिडू
मग ती खालची मर्यादा समजा, त्यात जागेवर बसलेले पण असतात. जाहिरातीत अनुभव किती मागितलाय?

रानजाई
4 ते 10 वर्षं.

जुना_भिडू
मग 20 हे 10 वर्षंवाल्याचे. तुम्ही खालून साधारण एक तृतीयांशावर, 13 ते 14 सीटीसी. मित्रांपेक्षा जरा कमीच आलं, पण मी मित्रांकडचं जास्त मानेन, ते खरंच मिळालेले पैसे आहेत.

डॉलरवाली_मावशी
मी कॅलिफोर्नियात असते. इथे 2023 पासून 15 किंवा जास्त माणसांच्या कंपनीला जाहिरातीत पगाराची रेंज टाकावीच लागते, आम्ही तीच बघतो. तुमच्या कंपनीची इकडची जाहिरात बघा ना आणि रुपयात करा.

जुना_भिडू
मावशी, रुपयात करून उपयोग नाही, तिकडचा भाव तिकडचा. पण त्यात पदाची लेव्हल कळते, हे पद सीनियरचं आहे का ते ताडून बघायला चालेल.
रानजाई, फोनवर आधी "या पदाचं बजेट काय आहे" विचारा. नाहीच सांगितलं तर सीटीसी न बोलता "फिक्स्ड 12.5" बोला आणि 11.6 च्या खाली उतरू नका.

हापूस
आणि सॅलरी स्लिप मागितली तर? 9.2 दिसणारच ना त्यात, मग 12.5 कोण देईल?

जुना_भिडू
मागतात, खरंय. आकडा लपवू नका, खोटा तर अजिबात सांगू नका. काही एचआर तिथेच अडतात, काही जागा लवकर भरायची असली की पुढे जातात, आधी सांगता येत नाही. नोटीस पिरियड किती तुमचा?

रानजाई
90 दिवस 😟 बायआउट होतं का ते अजून विचारलेलं नाही. उद्या विचारते.